मदत हवी आहे: किडनीच्या डॉक्टरांकडे न्यायची चिठ्ठी तीनच ओळींची आहे, चालेल का?

कागलकर
येत्या गुरुवारी आईला कोल्हापुरात किडनीच्या डॉक्टरांना दाखवायचं आहे. राजारामपुरीत दवाखाना आहे, नंबर मुश्किलीनं मिळालाय. आमच्या गावच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आहे ती अशी: "डायबेटिस व बीपीचे जुने पेशंट. क्रिएटिनिन वाढले आहे. कृपया तपासून योग्य ते उपचार करावेत." खाली सही आणि शिक्का. तिकडच्या रिसेप्शनवर फोन केला तर म्हणतात, डिटेल चिठ्ठी आणा. आमच्या डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, "उद्या संध्याकाळी कागद घेऊन ये, नव्यानं लिहून देतो." चिठ्ठीत नेमकं काय असायला पाहिजे? फॉर्मॅट असेल तर टाका, लवकर.

बिंदूचौक
आईचं वय? क्रिएटिनिन किती? आधी किती होतं?

कागलकर
वय ६२. क्रिएटिनिन १.७. बाकी सगळं फाईलमध्ये आहे. मला फक्त चिठ्ठीचं सांगा.

गूळखर्डा
चिठ्ठीत अडकू नका भावा. सगळ्या फाईलची झेरॉक्स काढा आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. जितकं जास्त तितकं बरं. माझ्या सासऱ्यांच्या वेळी मी असंच केलं होतं.

करवीर७१
रेफर लेटर सीपीआर सरकारी दवाखान्यातून घ्या. महात्मा फुले योजनेत बसत असेल तर रेशनकार्ड आणि आधार घेऊन यादीतल्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा, तो सगळं सांगतो. खाजगीत पैसे घालवू नका.

कागलकर
काका, योजनेचं विचारलं नाही. नंबर लागलाय, जायचंच आहे.

ओपीडीतली_ताई
मी बरीच वर्षं मोठ्या डॉक्टरांच्या ओपीडीत सिस्टर आहे (किडनीच्या नाही). झेरॉक्सचा गठ्ठा कोणी वाचत नाही. सर चिठ्ठीच्या वरच्या दोन ओळी वाचतात आणि मग शेवटी बघतात, पाठवणाऱ्या डॉक्टरांनी विचारलंय काय. "योग्य ते उपचार करावेत" असं असलं की सर पेशंटलाच विचारतात, "काय होतंय?" पेशंट म्हणतो, गुडघे दुखतात. मग गाडी तिकडंच जाते.

गूळखर्डा
म्हणजे साध्या डॉक्टरनं मोठ्या डॉक्टरला प्रश्न विचारायचा? त्यांना कळत नाही होय, काय बघायचं ते?

डॉ_इचलकरंजी
कळतं. पण आईंना दहा वर्षं बघितलंय ते गावच्या डॉक्टरांनी. स्पेशालिस्टला समोर दिसतो तो फक्त आजचा १.७ हा आकडा. तो आकडा वर्षानुवर्षं हळूहळू चढत आला की चार महिन्यांत उडी मारून आला, यावर निदान सगळं बदलतं. मी गेली पंचवीसएक वर्षं जनरल प्रॅक्टिस करतो, अशा चिठ्ठ्या रोजच लिहितो.

कागलकर, फॉर्मॅट नंतर. आधी एवढं सांगा. जुनी क्रिएटिनिन तारखांसकट. लघवीत अल्ब्युमिन तपासलंय का. पोटॅशियम किती. डोळ्यांचा पडदा कधी तपासला. आणि आई घेतात त्या सगळ्या गोळ्या, मेडिकलमधून परस्पर आणलेल्या, काढे, भस्मं धरून.

कागलकर
फाईल काढली. क्रिएटिनिन गेल्या वर्षी मार्चात १.०, दिवाळीच्या आधी १.१, आणि आता गेल्या आठवड्यात १.७. पोटॅशियम ५.३. लघवीच्या साध्या तपासणीत अल्ब्युमिन "ट्रेस". डोळे गावातल्या शिबिरात तपासले, मोतीबिंदू सांगितला, पडद्याचं काही बोलले नाहीत. गोळ्या: मेटफॉर्मिन १००० सकाळ-संध्याकाळ, ग्लिमेपिराइड, बीपीची टेल्मिसार्टन. बाकी काही नाही. गुडघ्याची गोळी घेते, पण ती डॉक्टरांची नव्हे, मेडिकलमधून आणतो.

डॉ_इचलकरंजी
गुडघ्याची कुठली, किती, कधीपासून? आणि बीपीच्या गोळीच्या नावापुढे "एच" आहे का? स्ट्रिप बघून सांगा.

कागलकर
डायक्लोफिनॅक ५०, दिवसातून दोनदा. दिवाळीपासून. उसात काम असतं, गोळीशिवाय तिला उठवत नाही. आणि हो, बीपीच्या गोळीवर एच आहे.

बिंदूचौक
अरे देवा. हीच तर मुख्य गोष्ट होती.

डॉ_इचलकरंजी
एच म्हणजे त्यात लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं आहे. टेल्मिसार्टन, ते लघवीचं औषध आणि वरून दुखण्याची गोळी, हे तिन्ही एकत्र आले की किडनीतला रक्ताचा दाब तिन्हीकडून खाली ओढला जातो. उन्हात काम करून पाणी कमी पडलं तर आणखीच. पोटॅशियम थोडं वर आहे तेही यात बसतं. म्हणून ही डायबेटिसची किडनीच असेल असं मी धरून चालणार नाही, आणि नाहीच असंही म्हणणार नाही.

डायक्लोफिनॅक आजपासून बंद. बाकी गोळ्यांना स्वतः हात लावू नका, पण डॉक्टरांना उद्या संध्याकाळची वाट न बघता आत्ताच फोन करा आणि ही गोळी सांगा. त्यांच्या चिठ्ठीत ती नाही कारण त्यांना ती माहीतच नाही. आणि लघवी एकदम कमी झाली, दम लागला, उलट्या किंवा जुलाब सुरू झाले तर गुरुवारची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना.

पन्हाळ्याचा_वारा
मेटफॉर्मिननं किडनी जाते हो, ती आधी बंद करा. माझ्या भावाची अशीच गेली.

डॉ_इचलकरंजी
मेटफॉर्मिन किडनी खराब करत नाही. किडनी कमी चालत असली की ते शरीरात साठतं, म्हणून डोस कमी करावा लागतो. ६२ वर्षांच्या बाईला क्रिएटिनिन १.७ म्हणजे ईजीएफआर, किडनी किती गाळते त्याचा अंदाज, साधारण ३४ येतो. ४५ च्या खाली डोस निम्म्यावर आणतात, ३० च्या खाली बंद करतात. आईंचा रोजचा २००० आहे, म्हणजे बदल लागेलच, पण तो त्यांचे डॉक्टर करतील. एकदम बंद करून साखर ३०० वर नेली तर त्याचाही त्रासच. तुमच्या भावाचं काय झालं ते मला माहीत नाही, त्यावर बोलत नाही.

आता चिठ्ठी. तुमचे डॉक्टर इंग्रजीतच लिहितील, मजकूर साधारण असा असावा:

"विनंती: क्रिएटिनिन चार-पाच महिन्यांत १.१ वरून १.७. ही औषधांमुळे झालेली अचानक इजा आहे की मुळात किडनीचा जुना आजार आहे, याबद्दल आपले मत हवे. टेल्मिसार्टन चालू ठेवावी का, हेही कळवावे.

वय ६२, स्त्री. डायबेटिस व बीपी (किती वर्षे ते लिहावे). क्रिएटिनिन: गेल्या वर्षी मार्च १.०, दिवाळीपूर्वी १.१, आता १.७. पोटॅशियम ५.३. लघवीत अल्ब्युमिन ट्रेस. अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो केलेला नाही. डोळ्यांचा पडदा तपासलेला नाही. सोनोग्राफी केलेली नाही.

दिवाळीपासून डायक्लोफिनॅक ५० दिवसातून दोनदा, स्वतःहून. अमुक तारखेपासून बंद केली. इतर औषधे डोससह, आणि कुठली कधी सुरू झाली.

आजची तपासणी: बीपी, वजन, पायावर सूज आहे की नाही, लघवीचे प्रमाण.

मी केलेले बदल: (जे केले ते). औषधे बदलल्यास मला कळवावे, पुढची देखरेख माझ्याकडे राहील. फोन नंबर."

एका पानात बसतं. झेरॉक्स फक्त त्या तीन क्रिएटिनिनच्या आणि शेवटच्या लघवीच्या रिपोर्टची.

ओपीडीतली_ताई
"केलेला नाही" असं मुद्दाम लिहिलंय ते फार कामाचं आहे. नाहीतर सर धरून चालतात की झालं असेल आणि नॉर्मल असेल. शिबिरात पडद्याचं काही बोलले नाहीत याचा अर्थ पडदा चांगला आहे असा होत नाही. शिबिरात बऱ्याचदा बाहुली मोठी करायचे थेंब टाकतच नाहीत.

बिंदूचौक
डॉक्टर, चिठ्ठीत सरळ "डायबेटिक नेफ्रोपॅथी" असं निदान का नाही लिहायचं? दहा वर्षांची शुगर असेल तर तेच असणार की.

डॉ_इचलकरंजी
कारण एकदा ते लिहिलं की पुढचे सगळे कागद तेच लिहीत जातात, आणि डायक्लोफिनॅक कोणी विचारत नाही. डायबेटिसमुळे किडनी जाते तेव्हा बहुधा आधी लघवीत अल्ब्युमिन वाढतं, पडद्यावर खुणा दिसतात, आणि क्रिएटिनिन सावकाश चढतं. इथे उडी आहे आणि अल्ब्युमिन नुसतं ट्रेस. डायबेटिस टाइप २ मध्ये पडदा स्वच्छ असूनही किडनी बिघडलेली सापडते, म्हणून मी हट्ट धरणार नाही. ते ठरवायलाच तर पाठवतोय.

गूळखर्डा
मला एक सांगा, चिठ्ठी पाकिटात बंद करून देतात ना? पेशंटनं उघडून वाचायची असते का?

पन्हाळ्याचा_वारा
वाचायची नसते, डॉक्टर लोकांचा आपापसातला विषय असतो.

ओपीडीतली_ताई
चिठ्ठी पेशंटबद्दल आहे, पेशंटनं वाचावी. गोळीचं नाव चुकलं असेल तर ते घरच्यांनाच कळतं.

कागलकर
डॉक्टरांना फोन झाला. डायक्लोफिनॅकचं ऐकून थोडे गप्पच झाले, मग मला रात्रीच बोलावलं. नवीन चिठ्ठी झाली, एक पान. मेटफॉर्मिन ५०० दोनदा केली, एचवाली गोळी बदलून साधी टेल्मिसार्टन दिली. बीपी १३८/८४, पायावर सूज नाही. डायबेटिस अकरा वर्षांचा आहे, ते मी सांगायचं विसरलो होतो. बुधवारी सकाळी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम परत करायला सांगितलंय.

आता दोन गोष्टी. आई गुडघ्यानं रडकुंडीला आली आहे, तिला काय देऊ? आणि बुधवारी क्रिएटिनिन खाली आलं तर गुरुवारी जायची गरज आहे का?

करवीर७१
निर्गुडीचं तेल कोमट करून चोळा. वाळूनं शेका.

डॉ_इचलकरंजी
तेल चोळायला हरकत नाही. पोटात घ्यायला पॅरासिटामॉल, डोस तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. दुखण्याची दुसरी कुठलीही गोळी नको, "हलकी आहे" असं मेडिकलवाला म्हणाला तरी नको. आयब्युप्रोफेन, असिक्लोफिनॅक, नेप्रोक्सेन सगळी त्याच घरातली.

बुधवारचं सांगायचं तर, दोन दिवसांत क्रिएटिनिन फारसं उतरेल अशी अपेक्षा ठेवू नका. तेवढंच राहिलं तरी घाबरायचं कारण नाही. ती तपासणी मुख्यतः पोटॅशियम वाढत नाही ना हे बघायला आहे.

गूळखर्डा
खाली आलं तर फी कशाला घालवायची? महिनाभरानं परत तपासा, उतरलं तर झालं.

डॉ_इचलकरंजी
मी नेईन. १.७ चं १.४ झालं तरी १.१ का नाही झालं, हा प्रश्न राहतोच. आणि अकरा वर्षांच्या डायबेटिसमध्ये अल्ब्युमिनचा रेशो एकदाही झालेला नाही, तो व्हायलाच हवा.

बिंदूचौक
रेशो गावातसुद्धा होतो की. त्यासाठी स्पेशालिस्ट कशाला? आधी रेशो करा, मग ठरवा.

डॉ_इचलकरंजी
तेही बरोबर आहे. बुधवारीच सकाळची लघवी लॅबला द्या, रिपोर्ट गुरुवारपर्यंत हातात आला तर चिठ्ठीला जोडा.

कागलकर
लॅबवाला म्हणतो रेशो कोल्हापूरला पाठवावा लागतो, शुक्रवारी मिळेल. मग गुरुवारी नंबर सोडून पुढची तारीख घेऊ का, तर ती पंधरा दिवसांनी आहे.

ओपीडीतली_ताई
नंबर सोडू नका. चिठ्ठीवर डॉक्टरांना एवढंच लिहायला सांगा की "रेशो पाठवला आहे, रिपोर्ट शुक्रवारी". सर तो फोनवर बघतील. आणि चिठ्ठी आत गेल्यावर नका देऊ, रिसेप्शनवर आधीच द्या, सोबत सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स. डायक्लोफिनॅकचीसुद्धा.