पाठवणीपर्यंत टिकलेले काजळ: आपले अनुभव लिहावेत

माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न मे महिन्यात सांगलीला आहे. माझ्या लग्नात लाजाहोमाच्या धुराने डोळ्यांना पाणी सुटले आणि पाठवणीच्या आधीच काजळ गालापर्यंत ओघळले. लायनर आणि मस्कारा दोन्ही वॉटरप्रूफ होते, तरीही असे का झाले असावे? तुमचे काय टिकले, तेही कृपया लिहावे.

पुण्याहून एक वाचक: माझ्या लग्नात शेवटी सेटिंग स्प्रेचे तीन हात दिले होते आणि मी पुष्कळ रडूनही काही हलले नाही, त्यामुळे माझ्या मते चांगला स्प्रे पुरेसा आहे.

कोल्हापूरहून, वधूचा मेकअप करणारी: ताई, स्प्रेने चेहऱ्याला नक्की मदत होते, पण डोळ्यांच्या आतल्या कडेवर तो पोचतच नाही. वॉटरप्रूफ मस्कारा पाण्याला दाद देत नाही. तेलाला मात्र लगेच विरघळतो. हळदीचे तेल, जाड क्रीम किंवा पापण्यांवर सुटणारा तेलकटपणा राहिला, की तो खाली डाग पाडू लागतो. गेल्या वर्षी एका वधूच्या उजव्याच डोळ्याखाली सारखी काळी रेघ उमटत होती. विचारल्यावर कळले की त्या बाजूला तिने सकाळी बदामाचे तेल लावले होते. मी सगळे पुसून पापणी कोरडी केली, प्रायमरचा अगदी पातळ थर दिला, जेल लायनर लावून ते वाळेपर्यंत तिला डोळे मिटून बसवले आणि त्यावर त्याच रंगाची आयशॅडो दाबून बसवली. खालच्या पापण्यांना ट्यूबिंग मस्कारा लावला, कारण तो तेलाने ओघळत नाही. कोमट पाण्याने मात्र सुटतो. खालच्या कडेत काजळ भरलेच नाही. अश्रू आधी तिथेच साचतात.

नाशिकहून: मला लग्नाचा अनुभव नाही, पण ऑफिसमधील निरोप समारंभानंतर मी वॉटरप्रूफ मस्कारा पाण्याने चोळून काढला आणि बऱ्याच पापण्या तुटल्या. तो कसा काढावा?

कोल्हापूरहून, वधूचा मेकअप करणारी: तेल असलेल्या रिमूव्हरने भिजवलेला कापूस मिटलेल्या डोळ्यावर अर्धा मिनिट ठेवावा आणि मग खाली ओढावा, चोळू नये.

साताऱ्याहून: आमच्या आजी काजळाशिवाय वधूला बोहल्यावर चढू देणार नाहीत, त्यामुळे खालची कड मोकळी ठेवणे आमच्याकडे जमणार नाही. आम्ही करवलीच्या हातात टिश्यूची घडी देतो. अश्रू गालावर उतरण्याआधी ती घडीचे टोक डोळ्याच्या कोपऱ्याला टेकवून पाणी टिपून घेते.

धागाकर्ती: मनापासून आभार. सराव म्हणून काल बहिणीच्या एका डोळ्यात काजळ भरले, दुसरी कड मोकळी ठेवली आणि तिला चार कांदे चिरायला बसवले. मोकळी कड स्वच्छ राहिली. काजळाच्या डोळ्याखाली मात्र बारीक राखाडी रेघ आलीच. आता आईची समजूत घालायची आहे, कारण तिलाही काजळ हवेच आहे.