वाढदिवस विसरल्यावर माफीचा मेसेज विनोदी असावा का?

विश्रामबागची: शाळेपासूनच्या मैत्रिणीचा वाढदिवस 10 ऑगस्टला झाला आणि मी साफ विसरले, आज 13 आहे. टॅक्स कन्सल्टंटकडं काम करते, 11 तारखेच्या जीएसटी रिटर्नची घाई होती. आमच्यात सगळं चेष्टेतच चालतं म्हणून असा मेसेज लिहिलाय, पाठवू का नको कळंना: "सॉरी सॉरी सॉरी!! अगं रिटर्नचं एवढं काम होतं की दिवस कुठं गेला कळलंच नाही. बिलेटेड हॅपी बर्थडे म्हातारे! पार्टी कधी देतेस? रागावलीस का गं?"

पोवई नाका: कशाला एवढा विचार करताय, जवळच्या दोस्तात सॉरी बिरी नसतं. मी एकदा मित्राचा विसरलो, दुसऱ्या दिवशी मोती चौकातनं अर्धा किलो कंदी पेढे घेऊन त्याच्या दारात उभा राहिलो, त्यानं दोन शिव्या दिल्या, पेढा खाल्ला, विषय संपला.

मिरजेची काकू: पोवई नाका, तुमचं निम्मं बरोबर आहे. तुम्ही दुसऱ्याच दिवशी दारात गेलात, तीच माफी झाली, ती तोंडानं म्हटली नाही एवढंच. हिचे तीन दिवस गेलेत, तिकडं ती रोज फोन बघत असणार.

विश्रामबागची, आता तुझा मेसेज बघ. तीनदा सॉरी आणि वर "रागावलीस का" विचारलं की तिला "नाही गं, इट्स ओके" म्हणावंच लागतं, म्हणजे वाढदिवस तिचा आणि समजूत तिनं तुझी काढायची. रिटर्नचं कारण खरं आहे, मान्य, पण ते पहिल्या ओळीत आलं की ती वाचते की माझ्यापेक्षा 11 तारीख मोठी. ते तिनं विचारल्यावर सांग. "म्हातारे" एरवी चालेल, आज नको, चूक तुझी आणि हसायचं तिच्या वयावर असं होतं. आणि पार्टी तर आज तू देणं लागतेस, मागतेस काय? विनोद जरूर कर, पण तो तुझ्या चुकीवर कर, आणि त्यात एक तरी गोष्ट अशी पाहिजे जी फक्त तुम्हा दोघींनाच माहितीय.

घाटावरचा: मला मेसेजच पटत नाही. विनोदी माफी म्हणजे पळवाट, समोरच्याला रागवायची जागाच राहत नाही, रागावला तर तोच रुसका ठरतो. फोन करा, आवाज ऐकू द्या.

विश्रामबागची: फोन केला तर मी रडेन आणि ती मलाच गप्प करत बसेल, हे मला माहितीय. काकू म्हणतात तेच होईल, फक्त आवाजात.

काकू, दोघींची गोष्ट आहे. ती सांगलीत गावभागात राहते, 2019 च्या पुरात त्यांच्या घरात पाणी आलं आणि ते सगळे आमच्याकडं होते. 10 ऑगस्टला वाढदिवस, शहरात निम्म्या ठिकाणी पाणी, दूध मिळंना, केक कुठला? मी बिस्किटाच्या पुड्यावर काडेपेटीची काडी पेटवून धरली, तिनं फुंकली आणि म्हणाली पुढच्या वर्षी दोन काड्या लाव. तेव्हापासनं पावसाळ्यात आमचं चालू असतं, ती रोज विचारते "आयर्विनला किती?", म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर, मी विचारते "कोयनेतनं किती सोडलंय?" म्हणून असं लिहावं म्हणते: "तुझा राग आयर्विन पुलापाशी किती फुटांवर आहे? 40 ला इशारा, 45 ला धोका, मी स्थलांतराला तयार आहे." चालेल?

हरिपूर रोड: माझ्या डोळ्यादेखत फ्रीज तरंगत होता त्या वर्षी. पुरावर कुणी जोक केला की मला आजही आवडत नाही. मैत्रीण असली म्हणून काय, वाढदिवस विसरून वर पुराची आठवण कशाला?

विश्रामबागची: तुमचं बरोबर आहे, मी दुसऱ्या कुणाला हे लिहिलंच नसतं. पण हा जोक तिनंच सुरू केला, घरातला चिखल काढताना.

मिरजेची काकू: तिनं सुरू केलाय म्हणून तिच्याशी चालतो, ग्रुपवर किंवा स्टेटसला अजिबात टाकू नकोस, तिथं हरिपूर रोडसारखी माणसंही वाचतात. एकच बदल कर. तू तिचा राग मोजतेस. तिचा राग किती असावा हे तिचं तिला ठरवू दे. पातळी तुझ्या चुकीची सांग, मग तोच जोक तिच्या बाजूनं होतो.

अधिक मास: सोपं आहे की, तिथीनं वाढदिवस अजून आला नाही म्हणून सांगा. यंदा अधिक ज्येष्ठ आला होता त्यामुळं सगळे सण उशिरा आहेत. आमच्या आजीचा आम्ही दोनदा करतो. तारीख आणि तिथी साधारण 19 वर्षांनी पुन्हा जुळतात.

घाटावरचा: म्हणजे विसरायचं आणि वर पंचांग पुढं करायचं!

विश्रामबागची: थांबा थांबा. ती 10 ऑगस्ट 1995 ची, नारळी पौर्णिमेची. 2014 ला दोन्ही एकाच दिवशी आलं होतं, तिची आई तेव्हा म्हणालीसुद्धा होती! यंदा पौर्णिमा 28 ला आहे, शुक्रवार.

मिरजेची काकू: बघ, पण "अजून आला नाही" म्हणू नकोस, ते खोटं आहे आणि तिला लगेच कळेल. चूक आधी कबूल कर, मग तिथी भरपाई म्हणून दे. "भेटू एकदा" लिहिशील तर काहीच होणार नाही, वार, वेळ, काय आणणार, सगळं लिही. आणि रात्री बाराला पाठवू नकोस, संध्याकाळी ती निवांत असेल तेव्हा पाठव.

विश्रामबागची: पाठवला, साडेसहाला:

"10 तारखेला तुझा वाढदिवस होता आणि मी विसरले. माझी चूक सध्या आयर्विन पुलापाशी 57 फुटांवर आहे, 2019 चीच पातळी, आणि कोयनेतनं अजून सोडतायत. मी सामान माळ्यावर टाकून बसलेय. ज्या तारखेला आपण बिस्किटावर काडी पेटवली ती तारीख मी विसरावी, याचं मला खरंच वाईट वाटतंय. तुझ्याशिवाय माझा पावसाळा पार पडत नाही. 28 ला शुक्रवारी नारळी पौर्णिमा आहे, तुझी तिथी. संध्याकाळी सात वाजता तुझ्या घरी येतेय, नारळीभात, बिस्किटाचा पुडा आणि दोन काड्या घेऊन. त्या दिवशी जमत नसेल तर दिवस तू सांग. उत्तर लगेच द्यायची गरज नाही."

घाटावरचा: "खरंच वाईट वाटतंय" ही ओळ आहे म्हणून हे वाचवतं, नुसती पातळी असती तर मी नसतं मानलं. तरी माझं मत तेच, फोन पाहिजे होता.

हरिपूर रोड: मला अजून पुराचं पटलेलं नाही. काडीचं वाचून मात्र डोळ्यात पाणी आलं.

पोवई नाका: पेढे पण न्या.

विश्रामबागची: सव्वाआठला आलं उत्तर. "दोन दिवस मी खरंच रडले, हे तुला कळलं पाहिजे. आता पाणी 44 वर आलंय, हळूहळू उतरेल. नारळीभातात लवंगा घाल, मागच्या वेळी राहिल्या होत्या. सातला नको, साडेसातला ये, आईची आरती असते."