प्रतिसाद: पाळीत संबंध आणि लवकर ओव्ह्युलेशन

"पाळीच्या पाचव्या दिवशी संबंध आले, ब्लीडिंग चालूच होतं, मग प्रेग्नन्सी राहूच शकत नाही ना?"

राहू शकते. शक्यता कमी असते पण शून्य नाही, आणि याचं कारण ब्लीडिंगमध्ये नाही तर स्पर्मच्या आयुष्यात आहे. बीज बाहेर पडल्यावर जेमतेम १२ ते २४ तास टिकतं, पण स्पर्म शरीरात ५ दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात, म्हणजे ते आधी जाऊन वाट बघत बसतात.

आता हिशोब बघा. ओव्ह्युलेशन, म्हणजे बीज बाहेर पडणं, साधारण पुढच्या पाळीच्या १४ दिवस आधी होतं, त्यामुळे २८ दिवसांची सायकल असेल तर ते चौदाव्या दिवसाच्या आसपास येतं आणि पाचव्या दिवसाचे स्पर्म तोवर टिकत नाहीत. पण सायकल २२ दिवसांची असेल तर बीज आठव्या दिवशीच बाहेर येतं, म्हणजे मध्ये फक्त ३ दिवस, आणि तेवढे स्पर्म आरामात काढतात.

बरं, नेहमी २८ची सायकल असलेल्यांचंही एखाद्या महिन्यात लवकर होऊ शकतं, कारण ओव्ह्युलेशनच्या आधीचा काळच जास्त मागेपुढे होतो, नंतरचा त्यामानाने स्थिर असतो. ते लवकर झालं हे कळतं कधी, तर पुढची पाळी लवकर आल्यावर! पाळीची नोंद ठेवणारं अ‍ॅप मागच्या महिन्यांवरून फक्त अंदाज सांगतं, त्यावर प्लीज विसंबू नका.

संबंधांना ३ दिवस झाले नसतील तर इमर्जन्सी गोळीबद्दल आजच डॉक्टरांना विचारा, जितकी लवकर तितकी चांगली. नाहीतर संबंधांनंतर २१ दिवसांनी टेस्ट करा, त्याआधीची निगेटिव्ह खरी धरू नका.