कट्ट्यावरचं दूध आणि सातवा महिना

सुमनकाकी (ए-३०४): डॉक्टर, जरा विचारायचं होतं. सूनबाईला सातवा लागलाय. काल हे तिला गंगावेशीच्या कट्ट्यावर घेऊन गेले आणि म्हशीचं धारोष्ण दूध पाजून आणलं. आता मोबाईलवर कायबाय वाचून रडत बसलीय.

संभाजीदादा (बी-१०२): कोल्हापुरात दूध बाधतंय व्हय! आमच्या आईनं नऊ महिने धारोष्णच प्यालं.

डॉ. मानसी (सी-५०२): दादा, बहुतेकींना काही होतही नाही. पण लिस्टेरिया नावाचा जंतू शेणामातीत, नीट न मुरलेल्या मुरघासात असतो. धार काढताना कासेवरून, हातावरून दुधात उतरतो. दुधाचा वास, चव बदलत नाही. गरोदरपणात लागणीचा धोका साधारण दहापट असतो. आईला नुसती कणकण येते, पण जंतू वारेतून बाळापर्यंत गेला तर गर्भपात होऊ शकतो, बाळ पोटातच दगावू शकतं.

सुमनकाकी: मग तपासण्या करू?

डॉ. मानसी: काही त्रास नसेल तर तपासणी नको, औषधही नको. कालची तारीख तेवढी लिहून ठेवा, कारण लक्षणं दोन महिन्यांनीसुद्धा दिसू शकतात. ताप, थंडी, अंगदुखी आली किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. कच्चं दूध प्यायल्याचं आपणहून सांगा. रक्तात जंतू आहे का ते बघायला डॉक्टर रक्ताचं कल्चर करतील. लागण निघाली तर ॲम्पिसिलिनसारखं, गरोदरपणात चालणारं औषध आहे.

प्राजक्ता (ए-३०४): फ्रिजमध्ये ठेवून प्यालं तर मरतो का तो?

बाजीरावकाका (बी-४०१): नाही पोरी. मी डेअरीत नोकरी केली. बाकीचे बरेच जंतू थंडीत गप्प बसतात, हा बेणं फ्रिजमध्येपण हळूहळू वाढतंय. त्याला उष्णताच पाहिजे. डेअरीत पाश्चराइज करताना ७२ अंशाला १५ सेकंद तापवतात. घरी एक उकळी आली की झालं.

प्राजक्ता: आणि पनीर, चीज? रविवारी डोहाळजेवणात मैत्रिणी फेटा चीज घातलेलं सॅलड आणणार आहेत.

डॉ. मानसी: फेटा, ब्री, कॅमेम्बेर ही ओलसर चीज. कच्च्या दुधाची असतील तर अजिबात नको. ब्री, कॅमेम्बेर तर पाश्चराइज्ड दुधाचं असलं तरी गार खाऊ नकोस, पांढऱ्या बुरशीखाली ओल असते आणि आंबटपणा कमी, तिथं जंतूला फावतं. फेट्याच्या पाकिटावर 'पाश्चराइज्ड' लिहिलेलं असेल तर चालेल. नेहमीच्या चीज क्यूब, स्लाइस वितळवूनच बनवतात, त्या खा.

बाजीरावकाका: पनीरला दूध तापवतातच. घोळ नंतर होतोय, हात, फडकं आणि ज्या पाण्यात ते बुडवून ठेवतात त्यातनं. सुटं पनीर असंल तर भाजीत वाफ येईपर्यंत शिजवायचं.

सुमनकाकी: आणि खरवस? गावाकडनं चीक येणार आहे.

डॉ. मानसी: मधोमध घट्ट होईस्तोवर वाफवा आणि खुशाल द्या. कच्चा चीक मात्र चाखायला पण नको.

संभाजीदादा: काकी, उद्या कट्ट्यावर जाताना तुमची किटली द्या. दूध आणून देतो, उकळा घरी.

सुमनकाकी: दोन लिटर आणा. उरलेल्याचं दही लावते.