मदत हवी आहे: कॅम्पस प्लेसमेंटच्या केस प्रेझेंटेशनमध्ये उत्तरामागच्या पायऱ्या कशा दाखवायच्या?

ओंकार_मिरज

नमस्कार मंडळी. एमबीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॅम्पसला येणाऱ्या एका कंपनीच्या पुढच्या फेरीत नाव लागलंय. सोमवारी केस प्रेझेंटेशन आहे. केस आदल्या संध्याकाळी मेलवर येणार, पाच स्लाइड करायच्या, आठ मिनिटं बोलायचं आणि मग पॅनेलचे प्रश्न. मेलमध्ये एक वाक्य ठळक अक्षरात आहे: नुसतं उत्तर नको, तिथपर्यंत कसे पोचलात ते दाखवा.

सरावासाठी प्लेसमेंट सेलने एक जुनी केस दिली आहे, ती थोडक्यात सांगतो. वडापाव-मिसळची ३० दुकानांची साखळी. गेल्या वर्षी विक्री १८ कोटी, नफा १.८ कोटी. यंदा विक्री १९.८ कोटी, पण नफा १.२ कोटी. सरासरी बिल दोन्ही वर्षी १५० रुपये. गेल्या वर्षी १२ लाख ऑर्डर, त्यातल्या १.२ लाख डिलिव्हरी ॲपवरून. यंदा १३.२ लाख ऑर्डर, पैकी ३.९६ लाख ॲपवरून. कच्चा माल बिलामागे ६० रुपये. ॲपचं कमिशन २५ टक्के आणि पॅकिंग साडेसात रुपये. भाडं, पगार, वीज वगैरे मिळून गेल्या वर्षी ८.४६ कोटी, यंदा ८.९० कोटी. प्रश्न: विक्री वाढूनही नफा का घटला, आणि काय करावं?

माझं उत्तर: ॲपच्या कमिशनने नफा खाल्ला, दर परत ठरवून घ्या. आता हे पाच स्लाइडवर कसं मांडू? सगळी आकडेमोड टाकली तर स्लाइड वाचता येत नाही, काढली तर नुसतं उत्तर उरतं.

---

रोहन_पिंपरी

भावा, सोपं आहे. पहिल्या स्लाइडवर प्रॉफिट ट्री काढ. नफ्याच्या दोन फांद्या, विक्री आणि खर्च. विक्रीच्या खाली ऑर्डर आणि बिल, खर्चाच्या खाली कच्चा माल, कमिशन, भाडं, पगार. झाडाची एकही फांदी सोडू नकोस. पॅनेलला स्ट्रक्चर दिसलं की अर्धं काम झालं. आमच्या बॅचला हेच शिकवलं होतं.

---

मीनल_ठाणे

रोहन म्हणतो ते झाड काढ, पण तेवढ्यावर थांबू नकोस. मी काही वर्षं आमच्या कंपनीकडून कॅम्पसला पॅनेलवर बसले आहे. दहापैकी आठ जण तेच झाड आणतात, फांद्याही त्याच. मग कोण कोणत्या फांदीवरून का खाली उतरला, हे कुठेच दिसत नाही. तुझ्या केसमध्ये सरासरी बिल बदललेलंच नाही, तेव्हा ती फांदी एका वाक्यात बंद कर: "बिल १५० वरच आहे, म्हणजे किंमत हे कारण नाही." बंद केलेली फांदी कारणासकट दाखवणं हीच पायरी. फांद्या सगळ्या उघड्या ठेवल्यास तर तो नुसता तक्ता झाला.

आता एक प्रश्न. नफा ६० लाखांनी घटला. त्यातले कमिशनमुळे किती?

---

ओंकार_मिरज

ताई, मी ॲपचं एकूण कमिशन काढलं होतं, जवळपास दीड कोटी येतं. ६० लाखांपैकी किती, असं वेगळं नाही काढलं.

---

मीनल_ठाणे

मग ते आधी काढू, कारण पॅनेलचा पहिला प्रश्न हाच असणार.

काउंटरवरच्या बिलात कच्चा माल वजा जाता ९० रुपये हातात राहतात. ॲपच्या बिलात कच्चा माल, कमिशन आणि पॅकिंग गेल्यावर ४५. काउंटरच्या ऑर्डर १०.८ लाखांवरून ९.२४ लाखांवर आल्या, म्हणजे १.५६ लाख कमी. ॲपच्या २.७६ लाखांनी वाढल्या. कमी झालेल्यांनी १४० लाख नेले, वाढलेल्यांनी १२४ लाख आणले. फरक १६ लाखांचा. भाडं-पगार वाढले ४४ लाखांनी. १६ आणि ४४ मिळून तुझे ६० लाख.

म्हणजे घटीचा मोठा भाग भाड्या-पगारात आहे. तुझी शिफारस कमिशनवर आहे, ती फार तर १६ लाखांना हात घालते. या हिशोबाचा एक वॉटरफॉल चार्ट कर: डावीकडे १८० लाखांचा खांब, मग उणे १४०, अधिक १२४, उणे ४४ आणि उजवीकडे १२०. ही तुझी दुसरी स्लाइड. बाकी आकडेमोड शेवटी जोडपानावर ठेव, विचारलं तर उघडायची.

---

सुजाता_नांदेड

माझ्या मुलीची पण पुढच्या आठवड्यात कॅम्पस मुलाखत आहे, कॉम्प्युटरला आहे ती. तिला पण केस देतील का? ती रोज कोडिंगच करत बसलेली असते. पायऱ्या दाखवा असं तिलाही सांगितलंय म्हणे.

---

रोहन_पिंपरी

काकू, तिचं वेगळं. तिथे प्रोग्रॅम लिहिताना तोंडाने बोलत लिहायचं असतं. स्लाइड-बिइड काही नाही. तिला कोडिंगच करू द्या.

---

सीए_देशपांडे

मीनलताईंशी मी सहमत नाही. भाडं-पगार गेल्या वर्षी विक्रीच्या ४७ टक्के होते, यंदा ४५ टक्के आहेत. म्हणजे विक्रीच्या मानाने ते उलट आवाक्यात आले. बिघडलंय ते वरच. कच्चा माल, कमिशन, पॅकिंग वजा जाता गेल्या वर्षी रुपयामागे ५७ पैसे राहत होते, यंदा ५१ राहतात. ॲपचा वाटा पूर्वीइतकाच १० टक्के राहिला असता तर याच विक्रीवर नफा २.३९ कोटी झाला असता. एक कोटी १९ लाख गेले ते ॲपमुळेच. ओंकारचं मूळ उत्तर बरोबर आहे.

---

मीनल_ठाणे

देशपांडे साहेब, तुमची बेरीज-वजाबाकी चोख आहे, माझीही आहे. तुलना कशाशी करायची, यात आपला फरक आहे. तुम्ही धरलंय की ॲप नसतं तरी या १३.२ लाख ऑर्डर आल्याच असत्या, बहुतेक काउंटरवर. मी धरलंय गेल्या वर्षी प्रत्यक्षात जे होतं ते. ॲपवरून आलेलं गिऱ्हाईक ॲप नसतं तर दुकानात आलं असतं का, हे केसमध्ये कुठेच लिहिलेलं नाही.

ओंकार, तुझ्या प्रेझेंटेशनचा गाभा इथे आहे. काउंटरवरच्या १.५६ लाख ऑर्डर कुठे गेल्या? एक शक्यता अशी की तेच लोक घरबसल्या ॲपवरून मागवायला लागले. तसं असेल तर दर ऑर्डरमागे ४५ रुपये गेले, म्हणजे ७० लाख, आणि खरोखर नव्या १.२ लाख ऑर्डरांनी ५४ लाख आणले. दुसरी शक्यता, समोर कुणी नवं दुकान काढलं आणि काउंटरचे लोक तिकडे गेले. तसं असेल तर ॲपची सगळी वाढ नवीच, आणि तिनेच दुकान तगवलंय. दोन्हीकडे निव्वळ फरक १६ लाखच येतो, पण शिफारस उलटी होते. पहिल्यात ॲपवरचे दर वाढवून लोकांना काउंटरकडे वळवायचं. दुसऱ्यात ॲपला हात लावला तर आहे तेही जाईल.

---

ओंकार_मिरज

पण ताई, डेटाच नाही तर मी कोणती बाजू घेऊ? "माहीत नाही" म्हटलं तर मार्क जाणार ना?

---

मीनल_ठाणे

"माहीत नाही" म्हणून गप्प बसलास तर जातील. "मी पहिली शक्यता धरली आहे, आणि ती चुकीची असेल तर अशी कळेल" असं म्हणालास तर पॅनेल पुढे सरसावून बसतं. कळेल कसं, तर ३० दुकानांचे आकडे वेगवेगळे मागायचे. ज्या दुकानांत ॲप जास्त वाढलं, त्याच दुकानांत काउंटर जास्त पडलं असेल तर लोक ॲपकडे वळलेत. ॲप सगळीकडे सारखंच वाढलं आणि काउंटर मोजक्या दुकानांतच पडलं असेल, तर त्या दुकानांच्या आसपास काय झालं ते बघायचं. हे तिसऱ्या स्लाइडवर दोन वाक्यांत येतं.

आणि स्लाइडची शीर्षकं बदल. "विश्लेषण", "निष्कर्ष" असलं काही नको. शीर्षकातच पायरीचं उत्तर पूर्ण वाक्यात लिही: "६० लाखांच्या घटीतले ४४ लाख भाड्या-पगारातून आले". फक्त शीर्षकं ओळीने वाचून तुझा युक्तिवाद समजला पाहिजे. मध्येच "कसं काय?" असं वाटलं, तर तिथे एक पायरी गाळली आहेस.

---

फिरस्ता_मुलुंड

मी गेल्या वर्षी यातून गेलोय. आम्हाला स्लाइड नव्हत्याच, एक कोरा कागद आणि अर्धा तास. पॅनेलवरच्या एका बाईंनी मध्येच थांबवून विचारलं, "कच्चा माल ६० चा ७० झाला तर तुमचं उत्तर बदलेल का?" तेव्हा लक्षात आलं की माझ्या कागदावर उत्तराचा आकडा होता, पण तो कशातून आला ते नव्हतं. सगळं पुन्हा मांडावं लागलं. ओंकार, तुझे ९० आणि ४५ कुठून आले ते स्लाइडवरच बारीक अक्षरात ठेव. माल ७० झाला तर ते ८० आणि ३५ होतात, उभ्या उभ्या सांगता येतं.

---

सीए_देशपांडे

तुलनेचा मुद्दा मान्य. तरी टक्केवारी जोडपानावर ठेवाच. पॅनेलवर माझ्यासारखा कुणी जुना हिशोबनीस असला तर तो तिथूनच सुरुवात करेल. आणि भाडं-पगारातले ४४ लाख हे पण फोडा. करारातली ठरलेली भाडेवाढ असेल तर त्यावर शिफारस करून उपयोग नाही. माणसं वाढवली असतील तर ती पॅकिंगसाठी वाढवली का ते विचारायला हवं. तसं निघालं तर ते पैसे पुन्हा ॲपच्याच खात्यात जातात, आणि माझं म्हणणं थोडं तरी खरं ठरतं. 😀

---

ओंकार_मिरज

मंडळी, खूप आभार. आता क्रम असा धरतोय. पहिली स्लाइड: बिल स्थिर, म्हणून किंमत बाद. दुसरी: वॉटरफॉल. तिसरी: काउंटरचे लोक कुठे गेले, मी काय धरलं, ते तपासायचं कसं. चौथी: ४४ लाखांत काय काय असू शकतं. पाचवी: शिफारस, आणि ती कोणत्या परिस्थितीत बदलेल.

एकच शंका. आमचे सर म्हणतात शिफारस पहिल्याच स्लाइडवर हवी, पॅनेलला वाट बघायला लावू नये. पण पायऱ्या दाखवायच्या तर शेवटी नको का?

---

रोहन_पिंपरी

शेवटी. आधीच सांगितलंस तर पुढचं ऐकतो कोण?

---

मीनल_ठाणे

मी पहिल्या स्लाइडवर ठेवेन, एका ओळीत. उत्तर माहीत असलं की पॅनेल प्रत्येक पायरी त्याच्याशी ताडून बघतं, आणि वेळ संपली तरी मुद्दा पोचलेला असतो. पण काही पॅनेलना शेवटी आवडतं, हेही खरं. त्या कंपनीत तुमच्या कॉलेजचं कुणी सीनियर असेल तर त्याला एक फोन कर.

---

फिरस्ता_मुलुंड

आमच्या वेळी दोघांनी दोन तऱ्हांनी केलं आणि दोघेही पुढे गेले, त्यामुळे मी यात पडत नाही. आठ मिनिटांचा मात्र घड्याळ लावून सराव कर. वॉटरफॉल समजावतानाच चार मिनिटं जातात.