मदत हवी आहे: पाच वर्षांच्या मुलासाठी गॉगल कसा निवडावा?

मृण्मयी
नमस्कार. आम्ही जुळे सोलापूरला राहतो. मुलगा पाच वर्षांचा, मुलगी दोन. इथलं ऊन सगळ्यांना माहीतच आहे. सकाळी नऊलाच डोळे बारीक करावे लागतात, आणि बालवाडी सुटते बरोबर साडेबाराला. मुलगा स्कूटरवर माझ्या मागे बसतो. घरी येईपर्यंत डोळे लाल होतात, पाणी येतं.

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत एका स्टॉलवर त्याला 120 रुपयांचा गॉगल घेतला होता. मागच्या रविवारी गल्लीत क्रिकेट खेळताना टेनिस बॉल थेट गॉगलवर बसला. काच मधोमध तडकली आणि तिचं टोक भुवईखाली घुसलं. डोळा थोडक्यात वाचला, पण दोन टाके पडले. तेव्हापासून मला झोप नाही.

आता नवीन घ्यायचाय. ऑनलाइन सगळीकडे UV400 लिहिलेलं दिसतं, ते खरं की नुसतं स्टिकर? न फुटणारी काच कोणती आणि ती ओळखायची कशी? तो खेळताना गॉगल सारखा घसरतो, तर मागे पट्टा लावावा का? मुलीसाठीही गुलाबी फ्रेमचा एक घेऊन ठेवलाय, तो वापरावा का?

अक्कलकोटरोड_अण्णा
ताई, एवढा विचार करायचा नाही. काच जितकी काळी तितकं ऊन कमी, एकदम गडद बघून घ्या. आणि पोलराइज्ड घ्या, त्यात सगळं येतं. मी पंचवीस वर्षं मोटरसायकलवर तसाच वापरतोय.

चष्मेवाला
अण्णा, गडद काचेनं डोळ्याला बरं वाटतं हे खरंय. पण काळेपणाचा आणि अतिनील किरण अडवण्याचा संबंध नाही. अतिनील अडतं ते काचेच्या मूळ प्लास्टिकमुळे किंवा त्यात मिसळलेल्या द्रव्यामुळे. पूर्ण पारदर्शक काचही ते सगळं अडवू शकते आणि कुट्ट काळी काच सोडूही शकते. काळ्या काचेमागे बाहुली मोठी होते. अशा काचेनं अतिनील अडवलं नाही, तर डोळ्यात जास्तच जातं. लहान मुलांच्या डोळ्यातलं भिंग मोठ्यांपेक्षा स्वच्छ असतं, त्यामुळे किरण पडद्यापर्यंत जास्त पोचतात. पोलराइज्डचं काम वेगळं. रस्त्यावरून, पाण्यावरून येणारी चमक ते कापतं. अतिनीलची हमी त्यात आपोआप येत नाही.

मृण्मयीताई, UV400 म्हणजे 400 नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडवते असा दावा. स्टिकर कुणीही चिकटवू शकतं. बऱ्याच चष्म्याच्या दुकानांत काउंटरवर एक छोटं यंत्र असतं. त्यात गॉगल धरला की किती टक्के अतिनील पार जातं ते दिसतं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. नवीपेठेत चार दुकानं फिरलात तर एकाकडे तरी मिळेल. तो फुटलेला आणि मुलीचा गुलाबी, दोन्ही घेऊन जा.

स्वप्ना_पुणे
माझ्या मुलीला उणे अडीच नंबर आहे. तिच्यासाठी नंबरचा गॉगल करावा की उन्हात रंग बदलणारी काच? पाच वर्षांच्या मुलाला नंबर असेल तर दोन चष्मे सांभाळणं अवघड जातं.

चष्मेवाला
स्वप्नाताई, यांच्या मुलाला नंबर नाही, हा प्रश्न साध्या गॉगलचा आहे. तुमच्यासाठी थोडक्यात: रंग बदलणारी काच चालेल, पण गाडीत ती नीट काळी होत नाही, कारण पुढची काच बरंच अतिनील आधीच अडवते. सविस्तर हवं असेल तर वेगळा धागा काढा.

रानवारा
UV टॉर्चनं घरीच तपासता येतं की. पाचशेच्या नोटेवर टॉर्च मारला की नंबर आणि बारीक तंतू चमकतात. मध्ये गॉगल धरा. चमक गेली तर गॉगल चांगला.

चष्मेवाला
पद्धत बरोबर आहे, पण टॉर्च कोणता ते बघा. स्वस्त टॉर्च बहुतेक 395 नॅनोमीटरचे असतात. 380 पर्यंत छान अडवणारी काच त्यातलं थोडं सोडते आणि तुम्ही चांगला गॉगल फेकून द्याल. 365 चा असेल तर अंदाज येतो. आणि टॉर्च मुलांच्या हाती देऊ नका.

आता तडकण्याचं. तुमच्या गॉगलची काच बहुधा ॲक्रिलिकची होती. ती स्वच्छ दिसते, पण जोराच्या मारानं तिचे धारदार तुकडे होतात. मुलांसाठी पॉलिकार्बोनेट मागा. बॉल बसला तर ते वाकतं, खळगा पडतो, सहसा तुकडे उडत नाहीत. नुसतं बघून ओळखता येत नाही, टिचकी मारूनही नाही. म्हणून बिलावर पॉलिकार्बोनेट असं लिहून घ्या. दुकानदार लिहायला कां कू करत असेल तर तिथून निघा. याचा एक तोटा आहे, ओरखडे लवकर पडतात. आपल्याकडची धूळ शर्टाला कोरडी पुसली की महिन्यात काच धुरकट होते. आधी पाण्याखाली धरायचा, मग मऊ कापड.

मृण्मयी
दादा, आज नवीपेठेत जाऊन आले. दुसऱ्याच दुकानात यंत्र मिळालं. फुटलेल्या गॉगलचा उरलेला तुकडा धरला तर त्यानं जवळजवळ सगळं अतिनील अडवलं! आणि तिच्या गुलाबी गॉगलमधून 40 टक्के पार गेलं. दोन्ही एकाच तऱ्हेचे, स्वस्तातले. मी एकाच तराजूत तोलत होते. गुलाबी आता खेळण्यातसुद्धा ठेवणार नाही.

त्याच्यासाठी पॉलिकार्बोनेटचा घेतला, 850 रुपये, बिलावर लिहून घेतलंय. आता पट्ट्याचं सांगा. दुकानदार म्हणाला घट्ट बसवा, म्हणजे पडणार नाही.

चष्मेवाला
घट्ट अजिबात नको. आधी पट्टा काढून बघा. गॉगल नाकावर टेकतो का, पापण्या काचेला लागतात का, काडी कानामागे वाकते का. लहान मुलांचं नाक बसकं असतं, म्हणून मोठ्यांच्या आकाराची छोटी फ्रेम घसरते. अर्धा तास घालायला द्या आणि काढल्यावर कानामागे बघा. लाल वळ असेल तर काडी घट्ट आहे. ती दुकानात गरम करून सैल करून मिळते, पट्ट्यानं आणखी आवळू नका.

पट्टा मऊ, रबरी किंवा कापडी घ्या, मागे दोन बोटं जातील इतका सैल. तो जोरात ओढला की सुटला पाहिजे, न सुटणारा गळ्याभोवती अडकू शकतो. घसरगुंडी, झोपाळा, झाडावर चढणं आणि झोप, या वेळी पट्टा काढलेलाच बरा. आणि क्रिकेटला हा गॉगल नकोच. पॉलिकार्बोनेट असला तरी तो खेळाचा संरक्षक चष्मा नाही, चेंडूच्या जोरानं फ्रेम डोळ्यात जाऊ शकते.

दोन वर्षांच्या मुलीला मी रुंद काठाची टोपी आणि दुपारी सावली सांगेन.

रानवारा
माझा भाचा दीड वर्षांचा असल्यापासून पट्ट्यासकट घालतो, काही त्रास नाही.

चष्मेवाला
घालत असेल तर घालू द्या, पण समोर मोठं माणूस हवं. काही मुलं पाच मिनिटांत ओढून काढतात, तिथे जबरदस्ती करून उपयोग नाही.

मृण्मयी
अर्धा तास घालून बघितला. उजव्या कानामागे वळ आहे, डावीकडे नाही. उद्या परत घेऊन जाते. अजून एक अडचण: स्कूटरवर त्याला हेल्मेट असतं. पट्टा हेल्मेटच्या आत ठेवला की टोचतो, बाहेरून घेतला की घसरतो. कुणाच्या मुलाला हे जमलंय का?

अक्कलकोटरोड_अण्णा
माझा नातू हेल्मेटची काळी काचच खाली ओढतो. पण ती अतिनील अडवते का, ते आता मीही त्या यंत्रात तपासून आणतो, ताई.