‘नक्षी’ म्हणावे की ‘गिरह’? इस्लामी भौमितिक कलेसाठी शब्द हवा

अनुवादिका: कुमारवयीन वाचकांच्या मासिकासाठी मी इस्लामी कलेवरील एक लेख मराठीत आणत आहे. विषय असा, की माणसे किंवा प्राणी न काढताही केवळ रेषा आणि अक्षरे यांतून किती समृद्ध कला उभी राहते. रेषांतून साधलेल्या ताऱ्यांच्या गुंफणीला इराणी कारागीर ‘गिरह’ म्हणतात, म्हणजे गाठ. मी तिथे ‘नक्षी’ लिहिले, तर संपादकांनी ते खोडून ‘भौमितिक रचना’ केले. अक्षरकलेसाठी मूळ शब्द ‘खत’ ठेवला होता, तोही गेला आणि ‘सुलेखन’ आले. दोन्ही बदल मला खटकतात. जाणकारांचे मत हवे आहे.

मुद्रितशोधक (निवृत्त): ‘खत’ गेले हे उत्तमच झाले. चौदा वर्षांच्या मुलासमोर ‘मशिदीच्या भिंतीवर सुंदर खत आहे’ असे वाक्य आले, तर त्याला शेणखत आठवेल. ‘दस्तखत’मधला ‘खत’ तोच असला, तरी मराठीत त्याचा अर्थ पत्र किंवा दस्तऐवज असाच रुळला आहे. ‘गिरह’ची तर गरजच नाही. ‘रेखागुंफण’ असा शब्द सहज घडवता येतो, आणि ‘नक्षी’ मुळात आपलाच आहे. नखाने कोरतात ती नक्षी.

परकार: ‘नक्षी’चा नखाशी संबंध जोडणे मोहक आहे, पण नक्शा, नक्काशी आणि नक्षी ही एकाच अरबी घरातली भावंडे आहेत. माझा आक्षेप मात्र व्युत्पत्तीला नसून अर्थाला आहे. मराठीत नक्षी म्हटले की आधी वस्तू तयार होते आणि मग तिच्यावर सजावट चढते, असे वाटते. या कलेत भिंतीवर जे दिसते त्याच्या खाली न दिसणारा सांगाडा असतो आणि सौंदर्य त्या सांगाड्यातून येते. या दोन गोष्टींना दोन शब्द हवेत.

शिंपीपुत्र: गिरह हा शब्द आमच्या दुकानात रोज ऐकू यायचा! गजाचे सोळा गिरह होतात, असे वडील सांगत. म्हणजे हे माप आहे, गाठ नव्हे. लेखात ते चुकीचे आहे.

परकार: तेही खरे आहे, कारण मापाच्या फितीवर किंवा दोरीवर गाठ मारून खूण करत, तिथून मापाला ते नाव पडले असावे. इथे अभिप्रेत आहे ती रेषांची गाठ.

रांगोळीवाली: मला एवढे कळत नाही, पण ही सगळी ठिपक्यांची रांगोळीच नाही का? ठिपके मांडायचे, जोडायचे, तारा तयार. मुलांना तसेच सांगावे.

परकार: ताईंचा प्रश्न कामाचा आहे, कारण फरक नेमका तिथेच दिसतो. चौकोनी मांडणीच्या किंवा एकाआड एक सरकवलेल्या ठिपक्यांवर चौरस आणि षटकोन यांसारखे आकार छान बसतात. पण नियमित पंचकोनाचे पाचही कोपरे अशा ठिपक्यांवर कधीच बसत नाहीत, कितीही ठिपके घेतले तरी. आणि इराणमधल्या इमारतींवर तर दहा टोकांच्या ताऱ्यांची रेलचेल आहे. मग ते कसे केले?

एक रीत अशी. सारख्या लांबीच्या बाजूंचे पाच तुकडे घ्यायचे: दशकोन, पंचकोन, लांबट षटकोन, बो-टायसारखा आखूड कमरेचा तुकडा आणि समभुज चौकोन. दशकोनाचा प्रत्येक कोन 144 अंशांचा असतो. दोन दशकोन एका बाजूने चिकटवले, की त्या बाजूच्या टोकाशी 288 अंश भरतात आणि 72 अंशांची खाच उरते. लांबट षटकोनाच्या दोन टोकांशी बरोबर 72 अंशांचा कोन असतो, तो त्या खाचेत जाऊन बसतो. बो-टायही बसते. प्रत्येक तुकड्यावर आधीच रेषा आखलेल्या असतात. त्या प्रत्येक बाजूच्या मधोमध, बाजूशी 54 अंशांचा कोन करून बाहेर पडतात. म्हणून शेजारी कोणताही तुकडा आला, तरी रेषा न मोडता सरळ पुढे जाते. सगळे जुळले की तुकड्यांच्या कडा पुसायच्या. उरते ती गुंफण, आणि पाहणाऱ्याला सांगाडा दिसतच नाही. एखादा तुकडा बाजूला बाजू न जुळवता, सरकवून लावला असेल, तर कडेशी आल्यावर रेषा तुटते. चूक ओळखण्याची खूण तीच.

अनुवादिका: माझ्या लेखात इस्फहानच्या दर्ब-ए-इमाम दर्ग्याचे उदाहरण आहे. ते 1453चे आहे. हे तुकडे कारागिरांनी खरोखर वापरले, असे म्हणावे का?

परकार: 2007 साली पीटर लू आणि पॉल स्टाइनहार्ट या संशोधकांनी तसे मांडले आणि तेव्हापासून ते गाजले. या मताच्या बाजूने पुरावा इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातल्या लांबलचक गुंडाळीत मिळतो. तिच्यात अशा 114 आकृत्या आहेत आणि काही आकृत्यांत गुंफणीच्या रेषांखाली तुकड्यांच्या कडा लाल ठिपक्यांनी दाखवल्या आहेत. मात्र प्रत्येक भिंत अशीच बनली, असे नाही. परकार आणि पट्टीने वर्तुळ विभागूनही ताऱ्यांची गुंफण काढता येते. लेखात ‘वापरले असावेत’ असे लिहावे.

मुद्रितशोधक: ‘असावेत’चा सल्ला मान्य. पण तुम्ही आणि मी दोघेही शब्दापासून भरकटलो आहोत. मुलांना सांगताना ‘इस्लाममध्ये चित्रांना मनाई म्हणून नक्षी काढली’ हे एक वाक्य पुरेसे आहे.

परकार: ते अर्धेच खरे आहे, आणि अर्धे खरे मुलांना फार लवकर पाठ होते. कुराणात मूर्तिपूजेचा निषेध आहे, पण चित्र काढण्यावर थेट बंदी नाही. चित्रकारांविषयीचा कठोर सूर प्रामुख्याने हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या संग्रहांत येतो. म्हणून मशीद आणि कुराणाच्या प्रती माणसा-प्राण्यांच्या चित्रांविना राहिल्या, तर इराणच्या राजदरबारांतली हस्तलिखिते घोडे, शिकारी आणि प्रेमिक यांच्या चित्रांनी भरलेली आहेत. नक्षी ही चित्राच्या जागेवरची भरपाई नव्हे.

बोरूबहाद्दर: माझे आजोबा मोडी लिहायचे. बोरू चाकूने तिरपा छिलून टोक कापायचे, आणि ते कापणे जमले नाही, तर आमची पाटी परत यायची. ‘अक्षराचे वळण’ हा त्यांचा शब्द. खतसाठी ‘वळण’ चालणार नाही का?

परकार: चालेल, आणि ‘सुलेखन’पेक्षा बरे. सुलेखनात केवळ चांगले दिसणे येते, मापाचा धाक येत नाही. इथे रुंद टोकाचा बोरू तिरपा धरून दाबला, की चौकट आकाराचा ठिपका, म्हणजे ‘नुक्ता’, उमटतो आणि तेच माप धरतात. बगदादचा वजीर इब्न मुक्ला, जो 940मध्ये वारला, त्याच्या नावाशी ही प्रमाणबद्धता जोडली जाते. सुलुस या अरबी लेखनशैलीत अलिफ हे पहिले अक्षर साधारण सात ठिपके उंच, म्हणजे बोरू बदलला की सगळी अक्षरे त्याच प्रमाणात मोठी किंवा लहान. अक्षर कसे बिघडले हे नजरेने नाही, ठिपके मोजून सांगता येते.

रांगोळीवाली: म्हणजे इथेही ठिपकेच की!

बोरूबहाद्दर: आजोबाही असेच मोजत असतील, आम्हीच विचारले नाही.

मुद्रितशोधक: ठिपका आहे तर ‘नुक्ता’ कशाला? आणि ‘वळण’ म्हटले तर रस्त्याचे की अक्षराचे, हे पोरांना कसे कळणार? मी ‘सुलेखन’च ठेवतो.

अनुवादिका: तुम्ही ठेवाल, पण संपादक तुम्ही नाही. उद्या मजकूर द्यायचा आहे आणि सांगाड्याला काय म्हणायचे, हे अजून कोणी सांगितलेले नाही.

शिंपीपुत्र: ‘अस्तर’ म्हणा. दिसत नाही, पण झग्याचा आकार त्यावरच उभा असतो.

परकार: अस्तर शिवल्यावर राहते. हे तर पुसून टाकतात.